सेल्स आणि ऑपरेशन्समध्ये 'हे काम तुमचं' म्हणून रोज वाद होतात. कोणत्या कामात कुणाची काय जबाबदारी हे मांडणारा रेसी चार्ट केल्यावर ते खरंच मिटतात का?

मिटतात, पण चार्ट भरला कसा यावर आहे. आमच्याकडचं सगळ्यात मोठं भांडण चार्ट भिंतीवर लागलेला असतानाच झालं.

जालन्याच्या एमआयडीसीत ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. मे महिना, कपाशीच्या लागवडीआधीची घाई. एका डीलरची १६ मिमी इनलाइन नळीची ऑर्डर होती, दोन ड्रिपरमधलं अंतर ४० सेंमी. दोन दिवसांनी त्याने सेल्सच्या पोराला फोन करून ६० करायला सांगितलं. पोराने सुपरवायझरला व्हॉट्सअॅप केलं, सुपरवायझरने रात्री अंगठा पाठवला. तोवर अर्धा माल मशीनवरून निघाला होता. इनलाइनचा ड्रिपर नळी ओढतानाच आत चिकटतो, नंतर अंतर बदलता येत नाही. सगळा माल ४० चाच गेला आणि परत आला. नोटीस मात्र मला मिळाली, कारण गाडी मी भरली होती!

चार्टवर काय होतं? 'ऑर्डर हाताळणी' अशी एकच ओळ, वर 'सेल्स' आणि 'ऑपरेशन्स' असे दोन रकाने, आणि 'ए', म्हणजे शेवटी जाब ज्याला विचारायचा तो, दोन्हीकडे. दोघांना जाब विचारायचा म्हणजे कुणालाच नाही. दोन्ही साहेबांनी खुशीत सही केली होती.

मग मी हट्टाने ती ओळ फोडायला लावली. रकान्यात विभाग नाही, पद लिहिलं. 'कन्फर्म ऑर्डरमध्ये बदल मंजूर करणे' ही वेगळी ओळ झाली. बदलाची चिठ्ठी भरणारा सेल्सचा माणूस 'आर', म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा. हो-नाही म्हणणारा प्लॅनिंग इनचार्ज एकटा 'ए'. सुपरवायझर 'सी', म्हणजे माल मशीनवर चढलाय का हे त्याला आधी विचारायचं. डिस्पॅच आणि अकाउंट्स 'आय', निर्णय झाल्यावर कळवायचं. आता सुपरवायझरचा अंगठा म्हणजे नुसतं मत, मंजुरी नव्हे. पुढच्या सीझनला असाच बदल आला, तेव्हा इनचार्जने माल निघाल्याचं बघून डीलरला तिथेच 'नाही' असं कळवलं. एक बंडलही परत आलं नाही.

आमचे सेल्स हेड अजून म्हणतात, गिऱ्हाईक आमचं, तर डिलिव्हरीची तारीखही आमची. मला हे साफ चूक वाटतं. मशीन किती दिवस भरलेलं आहे हे ज्याला माहीत, त्या तारखेचा 'ए' तोच. सेल्सला तिथे 'सी' द्या, गिऱ्हाइकाची निकड सांगायला. तुम्ही पहिली ओळ तारखेचीच लिहा.

आणि हो, 'सी' मोजून द्या. आम्ही एका ओळीत पाच दिले होते, तर साधी मंजुरी दोन दिवस अडकायची. 'ए' ज्याच्याकडे, त्याला नाही म्हणायचा अधिकारही हवा. सेल्सचं कमिशन नुसत्या बुकिंगवर मिळत असेल तर चार्ट कितीही नीट भरा, पोरं तारीख खोटीच देणार. आमच्याकडे ते अजून बुकिंगवरच आहे.