बूच वर की खाली? एसओपी नवख्याच्या हातात देण्याआधी

प्रश्न: आमच्याकडे एसओपी मराठीत आहेत, भिंतीवरही लावल्यात, तरी नवीन मुलं पायरीगणिक विचारायला येतात. कुणाला न विचारता काम जमावं अशा पायऱ्या कशा लिहायच्या?

उत्तर:

मी डेअरीच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे आमच्याकडचंच उदाहरण देतो. दुधाची फॅट गर्बर पद्धतीने, म्हणजे ॲसिड घालून आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून, लावायची एसओपी. आता बहुतेक ठिकाणी मशीनवर दूध ओतलं की आकडा येतो, पण मशीनची खात्री करायला किंवा शेतकऱ्याने तक्रार केली तर अजूनही गर्बरच लागतं. एका पॉइंटने, म्हणजे ०.१ ने, फॅट कमी लागली तरी दर उतरतो आणि खिडकीवर भांडण होतं. म्हणून नवीन मुलाचाही हात पहिल्या आठवड्यात बरोबर बसावा लागतो.

आमच्या जुन्या एसओपीतली एक पायरी अशी होती: "नमुना योग्यरीत्या मिश्रित करून ब्युटिरोमीटरमध्ये काळजीपूर्वक घेण्यात यावा व आवश्यकतेनुसार हलविण्यात यावा." वाचायला भारदस्त. एका नव्या मुलाने ती वाचली, ॲसिड-दूध भरलेला ब्युटिरोमीटर, म्हणजे फॅट वाचायची रेघांची बाटली, उचलला आणि शेजारच्या स्टँडला नेऊन ठेवला. त्याने "हलवला"! मी आधी हसलो, मग लक्षात आलं की चूक त्याची नाहीच. मराठीत टेबलही हलवतात आणि औषधाची बाटलीही हलवतात. आम्ही रोज करणारे, म्हणून आम्हाला एकच अर्थ दिसायचा.

त्या दिवसापासून मी आधी क्रियापद तपासतो. वाचणाऱ्याच्या हाताने नेमकं काय करायचं ते त्या एका शब्दातून दिसलं पाहिजे. "हलवा"च्या जागी आता "बूच अंगठ्याने दाबून धरा आणि बाटली उलटी-सुलटी करा" असं आहे. "घेण्यात यावा" हे तर पहिलं खोडलं. त्यात कोण घेणार हेच नाही. नवा मुलगा मनात म्हणतो, हे सिनियरचं काम असेल, आणि थांबतो. "घ्या", "ओता", "थांबा" असं सरळ लिहिलं की ते आपल्यालाच सांगितलंय हे कळतं.

"योग्य", "काळजीपूर्वक", "आवश्यकतेनुसार", "नीट" हे शब्द ज्याला काम येतं त्यालाच कळतात. ज्याला येत नाही त्याला त्यांतून काहीच मिळत नाही, आणि तो विचारायला येतो ते नेमकं अशाच शब्दावर अडून. तुमची एसओपी काढा आणि हे शब्द पेनाने गोल करा. प्रत्येक गोलाच्या जागी आकडा टाका किंवा डोळ्याला दिसणारी खूण. आकडा बहुधा सोपा असतो. आमच्याकडे ॲसिड १० मिली, दूध १०.७५ मिली, अमाईल अल्कोहोल १ मिली, याच क्रमाने. खूण शोधायला मात्र डोकं लावावं लागतं. "किती वेळ उलटी-सुलटी करू?" याचं खरं उत्तर मिनिटांत नाही. दुधातली प्रथिनं ॲसिडमध्ये विरघळेपर्यंत पांढरे कण दिसत राहतात आणि ते संपले की काम झालं. मग तेच लिहायचं.

दुसरा घोळ नावांचा. जुन्या कागदावर एका ठिकाणी "ब्युटिरोमीटर", पुढे "नलिका", त्याच्या पुढे "उपकरण". नव्या मुलाला वाटलं तीन वस्तू आहेत. शाळेतल्या निबंधात तोच शब्द पुन्हा आला की बाई लाल रेघ मारायच्या, ती सवय इथे सोडावी लागते. एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव, आणि ते लॅबमध्ये तोंडी असतं तेच. म्हणून आमच्या नव्या कागदावर सगळीकडे "बाटली"च आहे.

"वरची बाजू" हा शब्दही असाच फसवा निघाला. ब्युटिरोमीटरला एका टोकाला रबरी बूच असतं, मधे फुगीर भाग, मग रेघांची बारीक नळी, आणि तिच्या टोकाला छोटा फुगा. भरताना तोंड वर असतं, वाचताना तेच तोंड बूच लावून खाली. मग "वर" म्हणजे कुठली बाजू? सेंट्रिफ्यूजमध्ये तर वर-खाली नसतंच, आत-बाहेर असतं. फॅट हलकी, ती मधल्या बाजूला सरकते, म्हणून रेघांची बाजू मधे आणि बूच बाहेर लागतं. एका मुलाने सगळे उलटे लावले होते, फॅट बुचाकडे जमली आणि रेघांवर वाचायला काहीच नाही. आता आमच्या कागदावर "वर-खाली" नाही, "बुचाची बाजू" आणि "रेघांची बाजू" आहे.

बदललेला तुकडा असा दिसतो:

"५. सावध: पुढच्या पायरीत बाटली एकदम गरम होते. हे बरोबर आहे, घाबरून सोडू नका. गॉगल आणि हातमोजे घातलेत ना, बघा. बाटलीला जाड फडकं गुंडाळा.
६. बूच अंगठ्याने दाबून धरा. बाटली उलटी-सुलटी करा. पांढरे कण दिसेनासे होईपर्यंत करत राहा.
७. लगेच बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवा. बुचाची बाजू बाहेर, रेघांची बाजू मधे.
८. समोरासमोरच्या खाचा सारख्या भरल्यात का बघा. बाटल्यांची संख्या विषम असेल, तर एक बाटली पाण्याने भरून बूच लावा आणि रिकाम्या खाचेत ठेवा.
९. झाकण लावा. ५ मिनिटं फिरवा. चाक पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नका."

पाचव्या पायरीतलं "हे बरोबर आहे" नंतर घातलेलं आहे. ॲसिडमध्ये दूध मिसळलं की उष्णता निघते, बाटली हाताला चटका बसेल इतकी तापते. आम्हाला त्याचं काहीच वाटत नाही, म्हणून कुणी लिहिलंच नव्हतं. एका मुलीच्या हातून बाटली सुटली, फुटली. नशीब, पायात बूट होते. नव्या माणसाला काय करायचं याच्याइतकंच, करताना काय झालं तर घाबरायचं नाही हेही सांगावं लागतं. आणि सूचना त्या कृतीच्या आधी हवी. जुन्या कागदात ती सर्वांत खाली "टीप" म्हणून होती. माणूस पायरी वाचतो, हात चालवतो, मग पुढची वाचतो. टीपेपर्यंत पोहोचेपर्यंत बाटली हातात तापलेली असते.

आठव्या पायरीत "असेल, तर" आधी आलंय तेही मुद्दाम. "एक बाटली पाण्याने भरून ठेवा, संख्या विषम असल्यास" असं लिहिलं की अर्धी मुलं दर वेळी पाण्याची बाटली भरतात, कारण "असल्यास" येईपर्यंत हात पुढे गेलेला असतो.

एका पायरीत एकच काम, असं सगळेच सांगतात. मी ते पूर्ण मानत नाही. एका दमात करायच्या गोष्टी तोडल्या तर माणूस मधेच कागदाकडे बघतो आणि अंगठा बुचावरून निसटतो. म्हणून "दाबून धरा" आणि "उलटी-सुलटी करा" एकाच आकड्याखाली आहेत. कागदाकडे परत बघायला जिथे निवांतपणा आहे, तिथेच पायरी तोडायची.

कारणं किती लिहायची हा प्रश्न येतोच. माझा हिशोब असा की कारण माहीत नसल्यामुळे जिथे माणूस शॉर्टकट मारेल तिथेच लिहायचं, तेही एका ओळीत. ॲसिडवर दूध सोडताना पिपेटचं टोक बाटलीच्या आतल्या भिंतीला टेकवून सावकाश सोडायचं असतं. पंधरा नमुने समोर असले की कुणीही घाई करतो. म्हणून तिथे लिहिलंय: "धार सरळ ॲसिडवर पडली तर दूध करपतं, काळे कण येतात आणि फॅट वाचता येत नाही." सेंट्रिफ्यूजच्या वेगाबद्दल मात्र पायरीत काहीच नाही. आमचं मशीन ठरलेल्या वेगानेच फिरतं, तो आकडा मशीनच्या तपासणीच्या वहीत असतो. जुन्या कागदात वेग, ॲसिडची घनता, मानकाचा क्रमांक सगळं पायऱ्यांमध्येच कोंबलं होतं. ते ऑडिटरसाठी होतं. ऑडिटरचं वेगळ्या पानावर ठेवा, दोघेही खूश राहतात.

शेवटी एक छोटा तक्ताही जोडला, काय दिसलं तर काय करायचं याचा. फॅटच्या खाली पांढरे कण राहिले, तर बाटली पुरेशी उलटी-सुलटी केलेली नाही किंवा ॲसिड पातळ आहे. काळे कण आले, तर ॲसिड जास्त तीव्र आहे किंवा दूध झपकन ओतलं. दोन्ही वेळा रीडिंग लिहायचं नाही, नमुना पुन्हा लावायचा. आणि "विचारायला या" कधी, तेही स्पष्ट आहे: दुसऱ्यांदाही कण आले तर. तोपर्यंत त्याने एकट्याने निस्तरायचं, त्यानंतर एकट्याने निस्तरायचं नाही.

कागद पुरा झाला असं वाटलं की त्याची परीक्षा घ्या. ज्याने हे काम कधी केलेलं नाही असा कुणी शोधा. आम्ही पॅकिंगमधला मुलगा बोलावतो, पहिल्या फेरीला ॲसिडच्या जागी पाणी देतो. कागद त्याच्या हातात द्या, शेजारी उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. यातलं तोंड बंद ठेवणं सर्वांत अवघड आहे, मी स्वतः दोनदा "अरे तसं नाही" म्हणून परीक्षा वाया घालवली. तो थबकला, मागची ओळ पुन्हा वाचली, तुमच्याकडे बघितलं, की त्या पायरीसमोर फक्त टिंब करा. समजावून सांगू नका. धोक्याचं काही दिसलं तरच हात धरा. आमच्या पहिल्या फेरीत अकरा टिंबं पडली. दुरुस्त करून दुसरा मुलगा बोलावला, तेव्हा चार. आणि दर वेळी मुलगा नवा हवा, कारण पहिल्याला आता येतं.

त्या चारातलं एक टिंब मात्र कधी गेलंच नाही: रीडिंग घेणं. बाटली ६५ अंशांच्या पाण्यातून काढायची, बूच किंचित दाबून फॅटचं खालचं टोक एका मोठ्या रेघेवर आणायचं, आणि वरच्या टोकाला जो खोलगट बाक दिसतो त्याच्या तळाशी डोळा सरळ ठेवून वाचायचं. मी हे सहा तऱ्हांनी लिहून पाहिलं. शेवटी शब्द कमी केले आणि मोबाइलवर काढलेले दोन फोटो चिकटवले, एक बरोबर, एक डोळा वर धरून चुकीचा. तरीही पहिले दोन दिवस नवा मुलगा आणि मी एकच बाटली वेगवेगळी वाचतो, आकडे न सांगता कागदावर लिहितो आणि मग जुळवतो. सलग दहा बाटल्या जुळल्या की तो एकटा.