सरकी फाटकाबाहेर जाते, नाव आतच राहतं

"सर, मी सात वर्षं झाले जिनिंगमधे फिटर आहो. पगार १४,००० रुपये. माझ्यासंग आयटीआय केलेल्या एका पोराले घरबसल्या फोन येतात, पगार दुप्पट सांगतात. मी दोन-चार ठिकानी बायोडाटा देऊन पाह्यला, कोनी फोनसुद्धा केला नाई. काम तर मले त्याच्यापेक्षा जास्त येते. मंग मलेच काहून कोनी बोलावत नाई?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागातला हा पोरगा. नाव बदलून गजानन म्हणू. दिवाळीनंतर, ऐन सीझनमध्ये, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून तो माझ्याकडे आला होता. अंगावरच्या शर्टाला रुई चिकटलेली.

मी त्याला एकच विचारलं, "मागच्या सीझनात तुझं काम कोणी कोणी पाहिलं?"

"मालक, मुनीम, माहे दोन हेल्पर."

अडचण तिथेच होती. फिटरची खरी किंमत मालकाला कळते, पण तो दुसऱ्या जिनिंगवाल्याजवळ तुझं कौतुक कशाला करेल? चांगला माणूस हातचा जाईल, ही भीती त्यालाही असतेच. हेल्पर तर आपल्याच फाटकाच्या आतले. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ती खबर देणारा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. नेहमी भेटणारा असं सांगणारे सहात एक निघाले. बाकीच्यांना खबर मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे. जवळच्या माणसाला तेच ठाऊक असतं, जे आपल्याला ठाऊक असतं.

मग आम्ही कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर, दहा जिनिंगांच्या फाटकातून आत-बाहेर करणारी माणसं लिहून काढली. सरकी घेणारा दलाल, रोलर आणि बेल्ट विकणारा सेल्समन, प्रेसचा हायड्रॉलिक मेकॅनिक, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रेच्याच्या कंपनीचा सर्व्हिसवाला, रुई पाहायला येणारा ग्रेडर, वायरिंगचा ठेकेदार. गजाननच्या मोबाइलमध्ये यातल्या चौघांचे नंबर आधीच होते. चहाही झालेला होता, पण कामाबद्दल बोलणं कधी झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याने घोळ केला. त्यात चूक थोडी माझी, कारण काय बोलायचं ते मी सांगितलंच नव्हतं. त्याने चौघांनाही फोन लावून म्हटलं, "कुठं काम असंन तर सांगजा." चौघंही "हो हो, पाहू" म्हणाले आणि विषय संपला. काम हवं असणारी माणसं त्यांना रोज भेटतात. ह्याच्याबद्दल पुढे सांगावं असं त्यांच्या हातात काहीच पडलं नव्हतं. वर, सेल्समनजवळ तो मालकाच्या चिकटपणाबद्दलही बोलून गेला. आठ दिवसांत मालकाने विचारलं, "काय रे, जड जाते का इथं?" जी माणसं चांगली खबर नेतात, तीच वाईटही नेतात.

दुसऱ्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, "तुला जास्त येतं म्हणतोस ना, मग काय येतं ते दाखव." त्याने पिशवीतून सरकीच्या दोन पुड्या काढल्या. एकीतल्या सरकीला रुईची झालर राहिलेली, मध्ये फुटके दाणेही. दुसरीतली साफ, दाणा अख्खा. रेच्यात कातडी रोलर असतात. त्यांच्या खाचा झिजून रोलर गुळगुळीत झाला की रुई नीट ओढली जात नाही, ती सरकीवर राहते. मग घाईतला फिटर रोलरला टेकलेल्या पात्याचा, म्हणजे नाईफचा दाब वाढवतो. रोलर तापतो, जळक्या कातडीचा वास येतो, रोलर लवकर संपतो. गजानन दाब न वाढवता खाचा वेळेवर पाडून घ्यायचा. दुसरी पुडी त्याच्या रेच्यांची होती.

म्हणजे त्याच्या कामाचा पुरावा रोज ट्रकात भरून बाहेर जात होता, फक्त त्यावर त्याचं नाव नव्हतं. सरकीचा दलाल मुठीत दाणे घेऊन पाहतोच. ठरलं असं, की तो आला की गजाननने स्वतः पुढे होऊन विचारायचं, "या आठवड्याची सरकी कशी वाटली? काही तक्रार?" काम मागायचंच नाही. तिसऱ्या खेपेला दलालानेच विचारलं, रेचे कोण पाहतं इथले?

दुसरं काम वहीचं. कोणत्या रेच्यावर रोलर कधी चढवला, खाचा कधी पाडल्या, किती तास चालला. सेल्समनने विचारलं की गजानन वही पाहून सांगायचा, तुमचा अमुक लॉट जास्त टिकला. ही माहिती सेल्समनला दुसरीकडे माल विकताना उपयोगी, त्यामुळे "पांढरकवड्याकडचा एक फिटर वही ठेवतो" हे वाक्य तो आपणहून सांगत फिरला. वहीतला रोलरचा हिशोब सांगायचा, मालकाचे भाव आणि गाठींचे आकडे नाहीत, एवढी रेघ आम्ही आखली होती.

मार्चअखेरीस फोनवर अडचणी विचारणारे दोघं-तिघं झाले. फोनवर सांगणं फुकट. प्रत्यक्ष जायचं तर सीझन संपल्यावर, मालकाला विचारून, १,५०० रुपये रोज आणि जाण्या-येण्याचा खर्च. पैसे मागायला तो लाजत होता. पण फुकट जाणाऱ्याचं नाव "मदतीला येणारा पोरगा" असं पडतं, आणि पुढे पगार ठरवताना तेच नाव आडवं येतं.

जुलैत ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत पहिला खरा फोन आला. २८,००० रुपये महिना. गजानन हवेत! मी विचारलं, किती महिने? फक्त सीझनचे सहा. २८,००० गुणिले ६ म्हणजे १,६८,०००. आत्ताचे १४,००० गुणिले १२, तेही १,६८,०००च. शिवाय ४०,००० उचल देतो म्हणाले. उचल घेतली की सीझनभर तोंड उघडता येत नाही. त्याने नाही म्हटलं, पण तोडून नाही. "बारा महिन्यांचं असेल तर नक्की बोलू," एवढंच.

ऑगस्टमध्ये दुसरा फोन सरकीच्या त्याच दलालाच्या ओळखीने आला, आदिलाबादकडच्या जिनिंगचा. आता किती घेतो, हा पहिलाच प्रश्न. आम्ही उत्तर आधी ठरवलं होतं, "बारा महिने, राहायची खोली आणि २४,००० असेल तर येतो." शेवटी २२,००० वर जमलं. वर्षाचे २,६४,००० आणि खोली.

(ही वाट खाजगी कामांची. महावितरण किंवा एसटीच्या भरतीत अर्ज आणि परीक्षा चुकत नाही, तिथे ओळखीचं आमिष दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका.)

सोडण्याआधी त्याने मालकाला सप्टेंबरच्या सुरुवातीलाच सांगितलं, रेचे सुरू व्हायच्या आत, आणि पंधरा दिवस बसून हेल्परला खाचा पाडायला शिकवलं. मला ते जरा जास्तच वाटलं होतं. नंतर कळलं की नव्या मालकाने रुजू करून घेण्याआधी जुन्यालाच फोन केला होता. जुना म्हणाला, "माणूस चांगला आहे. आम्ही सोडत नव्हतो त्याले."