फलक न लावता आंबा बागायतदारांत ओळख कशी झाली

प्रश्न: कृषी पदवी घेऊन देवगडजवळ आंबा बागांना सल्ला द्यायचं काम सुरू केलंय. कुणी ओळखत नाही. सगळे म्हणतात फलक लावा, रील टाका. मला स्वतःचा डंका पिटणं जमत नाही. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर: आहे. मी त्याच मार्गाने आलो, म्हणून सविस्तर सांगतो.

मी दर सोमवारी मोहोरावरचे तुडतुडे मोजायचो आणि आकडा सगळ्यांना कळवायचो. बस, एवढंच. एका बागेतली दहा कलमं ठरवून घेतली. प्रत्येक कलमाच्या चार दिशांचा एकेक मोहोर, म्हणजे चाळीस मोहोर. सकाळी ऊन चढायच्या आत जायचं, कारण उन्हं तापली की फांदीला हात लागताच तुडतुडे उडतात. मग चार ओळी लिहायच्या: मोहोर कुठल्या अवस्थेत आहे, मोहोरामागे सरासरी किती तुडतुडे, भुरी दिसली का, आणि या आठवड्यात फवारणी करावी की थांबावं. कागद खतांच्या दुकानाच्या दारावर चिकटवायचा आणि त्याचाच फोटो ओळखीच्या सहा बागायतदारांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. खाली नाव आणि फोन नंबर, बाकी स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

यात मोलाची ओळ कुठली असेल तर ती ‘थांबा’ची. मोहोरामागे पाचाच्या वर तुडतुडे गेले की फवारणीचा विचार करायचा, असा आमचा हिशेब. पण आपल्याकडे शेजाऱ्याचा पंप सुरू झाला की आपलाही सुरू होतो. फुलं उमललेली असताना कीटकनाशक मारलं तर परागीकरण करणाऱ्या माश्या आणि मधमाश्याही मरतात, आणि मोहोर भरगच्च असूनही फळ कमी धरतं. त्यामुळे ‘सरासरी दोन, फूल उमललंय, थांबा’ एवढं वाचून बागायतदाराचा औषधाचा आणि मजुरीचा खर्च वाचतो. खर्च वाचवणारा माणूस त्याच्या लक्षात राहतो.

पहिल्याच मोसमात माझ्याकडून मोठी चूक झाली. एका सोमवारी चाळीस मोहोरांवर एकूण 132 तुडतुडे मिळाले, सरासरी 3.3. मी लिहिलं, थांबा. पण त्या दहांतली दोन कलमं घळीत होती, दाट आणि सावलीतली. तिथल्या आठ मोहोरांवरच 72 होते, म्हणजे मोहोरामागे नऊ. उरलेल्या बत्तीस मोहोरांवर जेमतेम दोन. सरासरीत हे झाकलं गेलं. ज्यांची सगळी बाग दाट होती अशा एका काकांनी माझं वाचून पंप बाहेर काढला नाही. आठ दिवसांत त्यांच्या मोहोरावर चिकटा आला, पानं काळी पडली. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. पुढच्या कागदावर सर्वांत वर लिहिलं की मागचा सल्ला दाट बागांसाठी चुकीचा होता, तो का चुकला आणि आता काय करावं. तेव्हापासून मोकळ्या आणि दाट कलमांचे आकडे वेगळे देतो. काम बसणार असं वाटलं होतं. उलट त्याच काकांनी पुढच्या वर्षी बाग माझ्याकडे दिली.

दोन पथ्यं मात्र कडक पाळा. बाग कुणाची ते मालकाला विचारल्याशिवाय लिहू नका. कीड वाढलेली बाग गावात लगेच ओळखली जाते आणि माणूस दुखावतो. दुसरं, औषधाच्या कंपनीचं नाव लिहू नका, घटकाचं लिहा. ‘आमचंच नाव टाका, पेटीमागे काही देऊ’ असं मला एका विक्रेत्याने सुचवलं होतं. ते एकदा घेतलं असतं तर पुढच्या प्रत्येक आकड्यावर संशय आला असता.

आपलं काम लागू पडतंय हे किती जण अंगठा दाखवतात त्यावरून कळत नाही. पहिले तीन महिने मला एकही फोन आला नव्हता. मग एक दिवस अनोळखी आवाज आला, “आमच्या मोहोराक आठ गावले, आता काय करूचा?” माणसाने स्वतः मोजलं होतं! त्या दिवशी मला फार आनंद झाला. त्या मोसमात पैसे देणाऱ्या बागा दोनच मिळाल्या, तिसऱ्या मोसमात चौदा.

मोहोर संपला तरी खंड पडू देऊ नका. फळ धरल्यावर मी त्याच बागेतल्या रक्षक सापळ्यांत आठवड्याला किती फळमाश्या पडल्या ते लिहितो. हेक्टरी चार सापळे. त्यात नरच सापडतात, माद्या फळांत अंडी घालतच राहतात, म्हणून गळलेली फळं गोळा करून नष्ट करा, ही ओळ दरवेळी असतेच. लोकांना ती पाठ झाली आहे, तरी लिहितो.

तुम्ही मोहोराची वाट बघू नका. पाऊस ओसरला की दहा कलमं ठरवा, खोडाला चुन्याचे आकडे घाला आणि पालवीवरच मोजायला लागा. मोहोर फुटेपर्यंत हात बसलेला असेल आणि पाच-सहा जणांना तुमच्या सोमवारची सवय झालेली असेल.