आकडा दुप्पट झाला की उजेड पाव होतो: f/2.8 ते f/5.6 चा हिशोब

«काल संध्याकाळी फुटाळा तलावावर ५० एमएमच्या लेन्सने फोटो काढत होतो. f/2.8 आणि 1/500 ला फोटो मस्त आला. मग f/5.6 केलं. आकडा दुप्पट झाला म्हणून शटरलाही दुप्पट वेळ दिला, 1/250. आयएसओ तोच. तरी फोटो चांगलाच काळपट आला. लेन्स बिघडली का? आणि 1.4, 2.8, 5.6 असे विचित्र आकडे ठेवलेच कशाला?»

लेन्स बिघडलेली दिसत नाही. फोटो एक स्टॉप अंडर आलाय, आणि या सेटिंगला तो तसाच यायला हवा. स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट करणारा एक टप्पा. f/2.8 आणि f/5.6 यांच्यात एक नाही, दोन स्टॉप आहेत, कारण मध्ये f/4 बसतो. शटर 1/125 हवा होता.

एक शंका आधी मिटवून घ्या. दोन्ही फोटोंच्या वेळा बघा. सूर्य बुडताना दहा-पंधरा मिनिटांत उजेड डोळ्यांना कळत नाही इतक्या हळू, पण सेन्सरला कळेल इतका उतरतो. दोन फोटोंत मिनिटभराचंच अंतर असेल, तर पुढचा हिशोब जसाच्या तसा लागू पडतो.

f/5.6 हा नुसता आकडा समजू नका, तो भागाकार आहे. f म्हणजे लेन्सची फोकल लेन्थ, आणि तिला ५.६ ने भागलं की लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकाचा, म्हणजे ॲपर्चरचा, व्यास मिळतो. तुमची लेन्स ५० मिमीची. f/2.8 ला भोक साधारण १७.७ मिमी, f/4 ला १२.५ मिमी आणि f/5.6 ला ८.८ मिमी रुंद. म्हणजे तुम्ही आकडा दुप्पट केला तेव्हा व्यास निम्मा झाला. इथवर तुमचं बरोबरच होतं.

पण उजेड व्यासातून येत नाही, भोकाच्या क्षेत्रफळातून येतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. या तिन्ही भोकांची क्षेत्रफळं काढली तर अनुक्रमे सुमारे २४५, १२३ आणि ६१ चौरस मिमी येतात. f/4 ला निम्मं, f/5.6 ला पाव. चौथा हिस्सा उजेड आला तर वेळ चौपट द्यावा लागतो. 1/500 ची चौपट म्हणजे 1/125. तुम्ही दुप्पट दिला, म्हणून फोटोला हवा त्याच्या निम्मा उजेड मिळाला. यालाच एक स्टॉप अंडर म्हणतात.

हे मला गणितापेक्षा आधी हातातून कळलं. माझ्याकडे ॲपर्चरची रिंग असलेली एक जुनी ५० एमएम आहे. ती खिडकीकडे धरून, हातभर अंतरावरून पुढच्या काचेतून बघितलं की पाकळ्यांमधलं भोक स्वच्छ दिसतं. समोर शाळेतली पारदर्शक पट्टी धरली, तर f/4 ला साडेबारा मिमीच्या आसपास मोजता येतं. रिंग f/8 वर नेली की तेच भोक सव्वासहा मिमीचं. मोजायचं ते पुढच्या काचेतून दिसणारं भोक. लेन्स उघडून पाकळ्यांमधली जागा मोजली तर आकडा वेगळा येईल, कारण पुढच्या काचा त्या भोकाला भिंगासारख्या लहान-मोठं करून दाखवतात. उजेडाच्या हिशोबात बाहेरून दिसणारं भोकच धरतात.

आता त्या विचित्र आकड्यांकडे. लेन्स बनवणाऱ्याला हवं काय असतं? रिंगचा प्रत्येक टप्पा उजेड बरोबर निम्मा करणारा असावा, म्हणजे तो शटरच्या टप्प्यांशी जुळेल. क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यास निम्मा करून चालत नाही, तो दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने, भागावा लागतो. व्यास १.४१४ ने भागला की f च्या खालचा आकडा १.४१४ ने वाढतो. एकपासून सुरू करून दर वेळी १.४१४ ने गुणत जा:

1, 1.4, 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16, 22

एका ओळीत लिहायचं तर असं, N म्हणजे f च्या खालचा आकडा:

N = (√2)^Av

Av म्हणजे f/1 पासून किती स्टॉप खाली आलो ते. f/2.8 साठी Av ३ आहे आणि f/5.6 साठी ५. वजाबाकी दोन, म्हणजे दोन स्टॉप. काही कॅमेऱ्यांच्या डायलवर Av अशी खूण असते, ती हीच. आकड्यांची ओळ पाठ करायची गरज नाही. एक आड एक आकडा दुप्पट होतो: 1, 2, 4, 8, 16 ही एक माळ आणि 1.4, 2.8, 5.6, 11, 22 ही दुसरी. दोन माळा एकमेकींत ओवल्या की पूर्ण ओळ तयार.

हेच गुणोत्तर तुमच्या घरात प्रिंटरच्या कागदात पडलेलं आहे. ए-४ कागदाची लांबी २९७ मिमी. आडवा मधोमध दुमडला की ए-५ झाला, क्षेत्रफळ निम्मं, पण लांबी १४८ नाही, २१० मिमी. २९७ भागिले १.४१४ करून बघा. लांबी निम्म्यावर यायला आणखी एकदा दुमडावं लागतं, आणि तोवर क्षेत्रफळ पाव झालेलं असतं. f/2.8 वरून f/5.6 वर जाताना तुम्ही कागद दोनदा दुमडला आणि एकदाच मोजला.

गुणाकार काटेकोर केला तर ५.६ च्या जागी ५.६५७ येतं, ११ च्या जागी ११.३१ आणि २२ च्या जागी २२.६३. लेन्सवर सोयीसाठी छोटे आकडे लिहितात. ५.६ आणि ५.६५७ यांच्यात उजेडाचा फरक दोन टक्के, ११ आणि ११.३१ यांच्यात सहा टक्क्यांहून कमी. डोळ्यांना तो दिसणार नाही, तेव्हा त्यात अडकू नका.

फील्डवर मी यातलं काहीच गुणत बसत नाही, टिचक्या मोजतो. बहुतेक कॅमेऱ्यांत डायलची एक टिचकी म्हणजे तिसरा हिस्सा स्टॉप. f/2.8 वरून 3.2, 3.5, 4, 4.5, 5 आणि 5.6, अशा सहा टिचक्या. मग शटरलाही सहाच: 1/400, 1/320, 1/250, 1/200, 1/160, 1/125. तुम्ही तीनच दिल्या. ॲपर्चरच्या एका टिचकीत आकडा साधारण १२ टक्क्यांनी बदलतो आणि शटरच्या एका टिचकीत वेळ साधारण २६ टक्क्यांनी. आकडे वेगळे, उजेडाचा फरक एकच. म्हणून डोळे आकड्यांवर न ठेवता बोटांना मोजू द्या.

फोकल लेन्थने भागायचंच कशाला, भोकाचा व्यास सरळ मिमीत का लिहीत नाहीत, हा प्रश्न पुढे नक्की पडेल. १०० एमएमच्या लेन्सला f/4 ला भोक २५ मिमी असतं, म्हणजे तुमच्या ५० एमएमच्या f/4 पेक्षा क्षेत्रफळ चौपट. तलावाकाठच्या एका झाडाकडून तिला चौपट उजेड मिळतो. पण तेच झाड सेन्सरवर दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद उमटतं, म्हणजे तो उजेड चौपट जागेवर पसरतो. फिटंफाट. म्हणून कुठलीही लेन्स लावा, f/4 ला शटर तोच राहतो. काचेत थोडा उजेड मुरतो, त्यामुळे लेन्स-लेन्समध्ये बारीक फरक पडतो, पण तुमच्या घोळाशी त्याचा संबंध नाही.

हा हिशोब मोडतो कुठे, तेही सांगतो, कारण मी दोन्हीकडे ठेचकाळलो आहे.

पहिली जागा म्हणजे अगदी जवळचे फोटो. संत्र्याच्या झाडाला बहार आला होता. ५० एमएमच्या मागे, लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये, ५० मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे पोकळ नळ्या लावल्या आणि फूल सेन्सरवर जवळजवळ खऱ्या आकाराचं उमटवलं. फ्लॅश मॅन्युअलवर होता, f/8 चा हिशोब करून ठेवलेला. सगळे फोटो दोन स्टॉप अंडर आले. कारण पुन्हा तेच, वर्ग. लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर दुप्पट झालं, उजेड चौपट जागेत पसरला, आणि लिहिलेला f/8 प्रत्यक्षात f/16 सारखा वागला. कॅमेऱ्यातलं मीटर हे आपोआप सांभाळून घेतं, कारण ते लेन्सच्या आत आलेला उजेड मोजतं. हिशोब डोक्यात करणाराच फसतो.

दुसरी जागा पाकळ्यांची. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत लेन्स राहिली की जुन्या लेन्समधलं वंगण पातळ होऊन पाकळ्यांवर येतं. डीएसएलआरमध्ये बटण दाबेपर्यंत पाकळ्या पूर्ण उघड्या असतात आणि शटर उघडायच्या आत झटकन मिटाव्या लागतात. चिकटलेल्या पाकळ्या वेळेत मिटत नाहीत. मग फोटो काळपट नाही, उलट पांढरट येतो, आणि f/2.8 पेक्षा f/11 ला जास्त. माझी एक लेन्स अशी गेली. मी दोन आठवडे मीटरलाच दोष देत होतो.

तुमच्या मनात शंका उरलीच असेल तर ही तपासणी करा. दुपारी, आभाळ निरभ्र असताना, उन्हातली एक साधी भिंत पूर्ण फ्रेममध्ये घ्या. सगळं मॅन्युअल, ऑटो आयएसओ बंद, फोकस एकदा लावून सोडा. f/2.8 ला 1/2000, f/4 ला 1/1000, f/5.6 ला 1/500, f/8 ला 1/250, f/11 ला 1/125. भिंत पहिल्याच फोटोत पांढरीफटक आली, तर आयएसओ कमी करून पुन्हा सुरुवात करा. पाचही फोटोंत हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर एकाच जागी उभा राहिला पाहिजे. तो f/8, f/11 कडे जाताना उजवीकडे सरकत गेला, तर पाकळ्या जड झाल्यात. ही तपासणी f/1.8 वर करू नका. तिथे बऱ्याच लेन्सचे कोपरे काळवंडतात आणि निष्कर्ष गढूळ होतो.

कालचा तो काळपट फोटो रॉमध्ये असेल तर कॉम्प्युटरवर उघडून एक्सपोजर +1.00 वर न्या. दोन फोटोंमध्ये उजेड बदलला नसेल, तर तो f/2.8 वाल्या फोटोइतकाच उजळ दिसेल.