दुपारी जनरेटर रिव्हर्स पॉवरवर ट्रिप होतो

प्रश्न: ग्रिड गेली की बॅटरी कॅम्पस नीट सांभाळते, पण दुपारी जनरेटर जोडला की थोड्या वेळात रिव्हर्स पॉवरवर ट्रिप होतो. का?

उत्तर: बॅटरी जवळपास फुल असताना होतंय का ते बघा आधी. समजा लोड 300 किलोवॅट आणि सोलर 320, मग वरचे 20 जायला जागाच नाही, म्हणून बॅटरी इन्व्हर्टर मुद्दाम फ्रिक्वेन्सी 50 वरून 51 च्या पुढे नेतो, ते बघून सोलर इन्व्हर्टर आपणहून आउटपुट कमी करतात. बॅटरी एकटी असताना हे मस्त चालतं. पण जनरेटर ड्रूपमध्ये सिंक असला की त्याच्या गव्हर्नरला वाटतं लोड उतरला, तो डिझेल कापत जातो आणि शेवटी जनरेटरच मोटरसारखा फिरायला लागतो. लॉगमध्ये आधी फ्रिक्वेन्सी चढलेली आणि मग जनरेटरचे किलोवॅट शून्याखाली गेलेले दिसले तर हेच.

उपाय कंट्रोलरमध्ये आहे, जनरेटर सिंक असताना फ्रिक्वेन्सी शिफ्ट बंद ठेवा आणि सोलरला थेट किलोवॅट लिमिट पाठवा. जनरेटर 250 चा असेल आणि किमान लोड 30 टक्के म्हणजे 75 धरला, तर त्याच 300 च्या लोडला सोलर 225 वर थांबवायचा. आणि बॅटरीचं चार्जिंग 90 टक्क्यांवर थांबवा, नाहीतर अचानक एखादा चिलर बंद झाला की ते किलोवॅट घ्यायला कोणीच नसतं, लिमिट पोचेपर्यंत एकदोन सेकंद जातातच.