काचेपलीकडे मी उभी होते

प्रश्न: उद्या माझा पहिलाच सीटी स्कॅन आहे, कॉन्ट्रास्टवाला. स्कॅन सुरू झाला की नर्ससुद्धा खोलीबाहेर जाते म्हणे. एवढा सुरक्षित असेल तर सगळे बाहेर का पळतात? खूप भीती वाटतेय.

उत्तर:

मी गोव्यात एका इस्पितळात नर्स आहे. हाच प्रश्न मला डिचोलीकडच्या एका मावशींनी रात्रपाळीत विचारला होता आणि तेव्हा मला स्वतःला सहावा महिना होता. त्यामुळे उत्तर जरा जपून द्यावं लागलं.

चवथ तोंडावर आली होती. मावशी पावसात घसरून पडल्या, घोट्याचं हाड मोडलं आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. घरी बसूनच गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीला काय काय आणायचं ते मुलाला सांगत होत्या. त्या रात्री अचानक धाप लागली, छातीत टोचायला लागलं, म्हणून मुलाने गाडीत घालून आणलं. असा पाय बांधून पडलेल्या माणसाला एकाएकी दम लागला की डॉक्टरांना पहिली शंका येते ती पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेल्याची. ते पाहायला छातीचा सीटी अँजिओ करतात.

मावशी त्याआधी कधी इस्पितळात राहिल्या नव्हत्या. बाळंतपणंसुद्धा घरीच झालेली. मंगळसूत्र काढा म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. छातीच्या चित्रात धातूच्या रेघा उमटतात, म्हणून ते काढावंच लागतं. मी ते गॉजमध्ये गुंडाळून त्यांच्यासमोर मुलाच्या हातात दिलं. मग त्यांनी स्वतःच बांगड्या उतरवायला घेतल्या. हिरव्या काचेच्या, घट्ट बसलेल्या. म्हटलं, "त्या राहू देत मावशी. हात डोक्यावर घ्यायचे आहेत, बांगड्या चित्रात येत नाहीत." तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि नजर पोटावर गेली.

"बाय, तू आत येशील ना गो माझ्याबरोबर?"

मी म्हटलं, पलंगावर झोपवीपर्यंत आहे, स्कॅन सुरू होताना बाहेर जाईन.

"म्हणजे त्यात वाईट काहीतरी आहे. तुझ्या पोरासाठी वाईट, ते मला चांगलं कसं?"

"काही नसतं हो, घाबरू नका" असं म्हणून त्यांचं समाधान झालं नसतं, आणि ते खरंही नव्हतं. मी त्यांना सांगितलं ते असं. सीटीत एक्स-रे असतो. बटण दाबलं की किरण सुटतात, सोडलं की संपतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसं. अंगात काही साठत नाही, हवेत काही राहत नाही. छातीच्या एका स्कॅनमध्ये साधारणपणे दोनेक वर्षांत जमिनीतून, आभाळातून, अन्नातून आपोआप मिळतात तेवढे किरण मिळतात. यंत्र आणि पद्धतीनुसार ते कमी-जास्त होतात. तेवढ्याने पुढे अपाय होण्याची शक्यता अगदी थोडी असते, पण शून्य नसते. उलट फुप्फुसातली गुठळी ओळखायची राहिली तर जीव जाऊ शकतो. हा सौदा मावशींच्या फायद्याचा होता.

माझा त्यात फायदा काहीच नव्हता. रुग्णाच्या अंगावर पडलेले किरण थोडे आजूबाजूला उडतात. मी प्रत्येक रुग्णाबरोबर आत थांबले तर ते रोज थोडे थोडे मिळत राहतील, तेही विनाकारण. म्हणून कुणीच कर्मचारी आत थांबत नाही, मग ती गरोदर असो वा नसो. गरोदर असल्याचं कळवलं की आपल्याकडचा नियम आणखी कडक होतो. बाळाला उरलेल्या महिन्यांत मिळून १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त पोचता कामा नये.

"आणि मावशी," मी म्हटलं, "गरोदरपणात गुठळी व्हायचा धोका वाढतो. उद्या मलाच अशी धाप लागली आणि डॉक्टरांनी हा स्कॅन सांगितला, तर मी पोटातल्या बाळासकट तिथे झोपेन. किरण छातीवर पडतात, बाळापर्यंत फार थोडे पोचतात."

यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण माझा हात सोडला. मला कामाला हात मोकळे हवे होतेच.

आता तुमच्या कामाची गोष्ट. कॉन्ट्रास्ट म्हणजे रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध. ते शिरेत जातं तेव्हा घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट जाते, तोंडाला धातूची चव येते आणि हमखास वाटतं की कपड्यात लघवी झाली. झालेली नसते. मिनिटभरात सगळं ओसरतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस दचकून मोठा श्वास ओढतो. फुप्फुसाच्या या स्कॅनमध्ये तो एक श्वास महागात पडतो, कारण खोल श्वासाबरोबर पोटाकडून कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त हृदयात खेचलं जातं, नेमक्या हव्या त्या रक्तवाहिनीत औषध पातळ होतं आणि गुठळी आहे की नाही ते सांगता येत नाही. मग सगळं पुन्हा करायची वेळ येते. म्हणून मी मावशींना वॉर्डातच शिकवलं: छाती फुगवायची नाही, साधा श्वास घ्यायचा आणि तिथेच थांबायचं. पहिल्या वेळी त्यांनी पाण्यात बुडी मारायच्या आधी घेतात तसा श्वास भरून घेतला. मी त्यांचा हात त्यांच्याच छातीवर ठेवला आणि म्हटलं, हा वर उचलला जाता कामा नये. तीन-चारदा केल्यावर जमलं.

कोपराच्या खळगीत हिरवी इंट्राकॅथ, म्हणजे औषधासाठी शिरेत ठेवायची नळी, घातली. यंत्र जोराने औषध ढकलतं, त्यामुळे मनगटावरची बारीक शीर चालत नाही. आधी सलाइन मारून पाहिलं, फुगलं नाही. त्यांना बजावलं, "अंगभर गरम झालं तर ते ठीक. पण फक्त हाताला आग झाली, सुई टोचली तिथे फुगलं, किंवा घसा आवळला, अंगाला खाज सुटली, तर लगेच ओरडा. आत माइक आहे, आम्हाला ऐकू येतं."

यंत्र म्हणजे मोठं कडं, दोन्हीकडून उघडं. वॉर्डबॉयनी चादरीसकट त्यांना उचलून ठेवलं, मी ऑक्सिजनची नळी सरळ केली आणि बाहेर आले. शिशाच्या काचेमागे मुद्दाम त्यांना दिसेन अशी उभी राहिले. तिथे गरोदर बाईलाही उभं राहायला हरकत नसते. टेबल पुढेमागे सरकलं, स्पीकरवर "श्वास घ्या, थांबा" झालं. खरे किरण सुटतात ते काही सेकंदच. मावशी मधेच एकदा मोठ्याने म्हणाल्या, "गरम आलं गो!" पण छाती हलली नाही.

उजव्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी स्पष्ट दिसली. पहाटेच्या आत गुठळी वाढू न देणारं औषध, हेपॅरिन, सुरू झालं. चवथीला त्या घरी होत्या, फक्त माटोळी मुलाने बांधली.

तुमचा स्कॅन कशाचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पोटाचा असेल तर श्वासाची सूचना वेगळी असेल, तेव्हा टेक्निशियन सांगेल तसंच करा आणि टेबलावर जायच्या आधी एकदा करून पाहू द्या म्हणून सांगा. पूर्वी कॉन्ट्रास्टचा त्रास झाला असेल, किडनीचा आजार असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, किंवा दिवस गेल्याची थोडीही शंका असेल, तर ते उद्या सही करायच्या आधी बोला. कागदावर लिहिलंय म्हणून सगळ्यांनी वाचलंय असं धरू नका. आणि काचेमागे कोण उभं राहणार ते विचारून घ्या.