दहाच रुग्ण असतील तर d नको, g द्या

परळच्या ओपीडीतला तुमचा डेटा पाहिला. 10 रुग्ण, गुडघा किती वाकतो याचं व्यायामाआधी आणि नंतर मोजमाप. फरकांची सरासरी 12 अंश, फरकांचं प्रमाण विचलन 15, म्हणून परिणामाचा आकार, म्हणजे कोहेनचा d = 0.80. गणित बरोबर आहे, पण हा आकडा असाच छापू नका.

नमुना लहान असला की d सरासरीने खऱ्या परिणामापेक्षा मोठा येतो, कारण आपण भागतो ते विचलनही त्याच मोजक्या रुग्णांवरून काढलेलं असतं. म्हणून हेजेसची दुरुस्ती लावून d चा g करायचा; df म्हणजे स्वातंत्र्याचे अंश, इथे जोड्यांची संख्या वजा एक:

```
J = 1 - 3/(4*df - 1)
g = J * d
```

तुमच्याकडे df = 9, म्हणून J = 1 − 3/35 = 0.914 आणि g = 0.73. 50 रुग्ण असते तर 0.79 आला असता, म्हणजे फरक नगण्य.

नवखे इथे हमखास चुकतात: दोन स्वतंत्र गट समजून df = 18 घेतात. जोड्या 10 आहेत, तेव्हा या d साठी df = 9च. दुसरं, सॉफ्टवेअरने आधीच g दिला असेल तर पुन्हा J ने गुणू नका.

परीक्षक विचारतील, t आणि p का नाही बदलले? दुरुस्ती फक्त परिणामाच्या आकाराच्या अंदाजाला आहे, चाचणीला नाही. आणि विचलन फरकांचं वापरलंय हे तक्त्याखाली लिहाच. आधीच्या मोजमापाच्या विचलनाने भागलं तर आकडा वेगळा येतो, आणि वाचणारा भलत्याच अभ्यासाशी तुलना करून बसतो.